पेशंटसोबतचं पत्र

सकाळी ७. जालना रोडवरच्या आमच्या आयसीयूत पाचव्या बेडवर पैठण तालुक्यातल्या एक बाई आहेत. वय बावन्न. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आजार आणि आकडे तसेच ठेवले आहेत. कापसाच्या शेतात खुरपणी करताना ताप सुरू झाला, पाच दिवस तो गावातच काढला, रविवारी रात्री दम लागला म्हणून इथे आणलं. सोमवारी पहाटे अडीच वाजता नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. दोन्ही फुप्फुसं पांढरी, प्लेटलेट कमी, काखेत काळसर खपली. सप्टेंबरचा महिना, शेतातलं काम आणि ती खपली, एवढं पाहिल्यावर आमच्याकडे पहिला संशय स्क्रब टायफसचाच येतो. विदर्भात २०१८ साली त्याची मोठी साथ आली, तेव्हापासून आमच्या भागातलेही डॉक्टर तापाच्या पेशंटचे कपडे बाजूला करून अंगावर खपली शोधतात. डॉक्सीसायक्लिन पहिल्याच दिवशी सुरू केलं. बुधवारपर्यंत ऑक्सिजनची गरज ८० टक्क्यांवरून ६० वर आली. मात्र काल, गुरुवारी, नव्याने ताप चढला आणि बीपीसाठीचं नॉरॲड पुन्हा वाढवावं लागलं. काल दुपारी एक वाजता कल्चर पाठवली आणि दोन वाजता मेरोपेनेम सुरू केलं.

आज शुक्रवार. व्हेंटिलेटरचा पाचवा दिवस.

साडेआठ. मुलगा बाहेर बसलेला. राउंड संपायची वाट न पाहता उठून आला. "डॉक्टर, आता नाही झेपत. घाटीत न्यावं म्हणतो. बहिणीकडचेही पैसे संपले."

घाटी म्हणजे आमच्या शहरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. १९५६ साली कॉलेज सुरू झालं. आज जालना, बीडपासून बुलढाण्यापर्यंतचे पेशंट तिथे येतात. पैसे संपल्यावर तिथे जाणं यात कमीपणा काही नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की आईला हलवण्यात धोका आहे, पण आज सकाळपासून प्रकृती स्थिर आहे, त्यामुळे तयारीने नेता येईल. ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या वर लागत असता, किंवा नॉरॲडच्या जोडीला दुसरं औषध चालू असतं, तर मी थांबायला सांगितलं असतं आणि पैशाचं बघू म्हटलं असतं.

नऊ. घाटीच्या मेडिसिन आयसीयूतल्या रेसिडेंट मॅडमना फोन लावला. बेड आहे का, एवढंच विचारून फोन ठेवणारे पुष्कळ आहेत. मी दोन मिनिटं जास्त घेतो आणि तोंडी सगळी केस सांगतो, कारण पत्र वाचणारी व्यक्ती मला आधीच माहीत असावी. त्या म्हणाल्या, "सर, दीडनंतर या, एक पेशंट वॉर्डात जातोय. आणि प्लीज, पत्रात व्हेंटिलेटरचं नीट लिहा. नुसतं 'ऑन व्हेंटिलेटर' लिहून येतं, मग आम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागते." त्यांचं नाव आणि मोबाईल नंबर मी पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिला.

साडेनऊ ते अकरा. पत्र लिहायला बसलो. डिस्चार्ज समरीची छापील चौकट इथे पुरत नाही. ती घरी जाणाऱ्या पेशंटसाठी आहे. हा पेशंट घरी जात नाही. ज्या मशीनवर, ज्या औषधावर तो आत्ता जगतो आहे, ते सगळं आज दुपारी दुसऱ्यांच्या हातात जाणार आहे.

सुरुवात उंचीपासून केली. १५२ सेंटीमीटर. व्हेंटिलेटरच्या पत्रात उंची कशाला, असं नवे डॉक्टर विचारतात. फुप्फुसांचा आकार उंचीवर ठरतो, वजनावर नाही. बाईंचं वजन ६८ किलो आहे, पण त्यांच्या उंचीला फुप्फुसं ४५ किलोच्या बाईला शोभतील एवढीच आहेत. खराब झालेल्या फुप्फुसात एका श्वासाला किलोमागे ६ मिलिलिटर हवा भरायची, म्हणजे त्यांना २७० मिलिलिटर. उंची लिहिली नाही, तर समोरचा डॉक्टर बेडवरचं शरीर पाहून ६८ ला ६ ने गुणेल आणि ४०८ चं सेटिंग लावेल. ते होतं किलोमागे ९. अमेरिकेत ८६१ पेशंटवर झालेल्या अभ्यासात किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्यांपैकी ३९.८ टक्के दगावले, ६ मिलिलिटर दिलेल्यांपैकी ३१ टक्के. तो २००० साली छापून आला आणि तेव्हापासून जगभरच्या आयसीयू याच हिशेबाने चालतात. जास्त हवा भरल्याचं नुकसान त्याच क्षणी दिसत नाही. उलट काही तास ऑक्सिजनचा आकडा सुधारल्यासारखा वाटतो, आणि फुप्फुसं आतून फाटत जातात. म्हणून मी उंची, त्यावरून काढलेलं वजन आणि २७० हे तिन्ही एका ओळीत लिहितो.

पुढच्या ओळीत बाकीचं सेटिंग. मिनिटाला २६ श्वास, पीप १०, ऑक्सिजन ६० टक्के. या सेटिंगवर फुप्फुसातला दाब, म्हणजे प्लॅटू, २४. तो ३० च्या खाली ठेवायचा असतो. आणि त्याखाली सकाळी सहाचा रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट: पीएच ७.३१, कार्बन डायऑक्साइड ४८, ऑक्सिजन ७८. रिपोर्टशिवाय सेटिंग लिहिलं तर ते चाललं आहे की नाही हे कळत नाही, आणि सेटिंगशिवाय रिपोर्ट लिहिला तर त्याला अर्थच राहत नाही. ७८ हा आकडा साध्या हवेवर चांगला म्हणावा लागेल, ६० टक्के ऑक्सिजनवर तो फुप्फुसं अजून बरीच आजारी असल्याचं सांगतो. कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त आहे, पण तो मी जाणूनबुजून तसा ठेवला आहे, हेही लिहिलं. नाहीतर नवीन डॉक्टर तो खाली आणायला श्वास मोठे करतील आणि वरचा सगळा हिशेब पुसला जाईल. आकड्यामागचं कारण लिहायला पत्रात एकच वाक्य लागतं.

आणखी एक गोष्ट: नळी सातची, ओठापाशी २१ सेंटीमीटरवर. स्ट्रेचरवरून बेडवर घेताना नळी आत-बाहेर सरकते. घाटीत पोचल्यावर ओठापाशी २३ दिसले, तर ती उजव्या फुप्फुसात शिरली असावी हे एक्स-रेच्या आधी कळेल.

सव्वाअकरा. नॉरॲड. याच्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण वाटेतला सगळ्यात ठळक धोका इथेच असतो. आमच्या सिरिंज पंपावर ताशी ३ मिलिलिटर चालू आहे. पण "नॉरॲड ३ मिली" या शब्दांतून डोस कळतच नाही. आम्ही ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ८ मिलिग्रॅम घालतो. काही आयसीयूत ४ घालतात. पुढच्या ठिकाणी सिरिंज संपली, त्यांनी आपल्या पद्धतीने नवी भरली आणि पंप ३ वरच ठेवला, तर बाईंना निम्मंच औषध मिळेल. दहा मिनिटांत बीपी पडेल आणि सगळे रक्तस्राव, हार्ट, इन्फेक्शन शोधत बसतील. एका गावातून आमच्याकडे आलेल्या पेशंटच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. त्याच्या कागदावर पंपाचा आकडा होता, सिरिंजमध्ये किती औषध आहे ते नव्हतं. तेव्हापासून मी तिन्ही लिहितो: ५० मिलिलिटरमध्ये ८ मिलिग्रॅम, ताशी ३ मिलिलिटर, म्हणजे ६८ किलोला मिनिटाला किलोमागे ०.१२ मायक्रोग्रॅम. इथे मात्र खरं वजन धरायचं, ४५ नाही. एकाच पेशंटचं वजन पत्रात दोन ठिकाणी दोन वेगळं येतं, म्हणून कुठलं कशासाठी ते स्पष्ट लिहावं लागतं.

पावणेबारा. लाइन. उजव्या मानेत तीन तोंडांची सेंट्रल लाइन, सोमवारी पहाटे तीन वाजता टाकलेली, १३ सेंटीमीटरवर टाके. नॉरॲड कुठल्या तोंडातून चालू आहे तेही लिहिलं, कारण त्याच तोंडातून कुणी दुसरं इंजेक्शन जोरात दिलं तर आधीचं नॉरॲड एकदम आत ढकललं जातं आणि बीपी आकाशाला भिडतं. डाव्या मनगटात बीपी मोजायची लाइन. उजव्या हातात एक साधी सुई. लघवीची नळी, नाकातली नळी. सगळ्यांच्या तारखा.

लाइनची तारीख पाहून ठरावीक दिवसांनी ती बदलायची, ही पद्धत आता राहिलेली नाही. पाचवा दिवस झाला म्हणून मानेतली लाइन काढायची नसते. तारीख हवी असते ती ताप आल्यावर संशय कुठे घ्यायचा हे ठरवायला. म्हणून मी तारखेपुढे एक खरी गोष्ट लिहिली: लाइन इमर्जन्सीत टाकली, अंगावरचं आवरण पूर्ण पसरायला वेळ मिळाला नव्हता. बरेच जण हे लिहायला कचरतात, आपली कमी दिसेल म्हणून. पण अशी घाईत टाकलेली लाइनच आधी संशयास्पद धरायची असते. ही माहिती दुसऱ्या कुठल्याही कागदावर नसते.

साडेबारा. आता पत्राचा तो भाग, जो बहुतेक पत्रांत "कल्चर पेंडिंग" या दोन शब्दांत उरकलेला असतो.

बाईंचे तीन रिपोर्ट यायचे आहेत. पहिला स्क्रब टायफसचा. सोमवारी नमुना बाहेरच्या लॅबला गेला, तेव्हा तापाचा सहावा दिवस होता. तो दिवस लिहिणं भाग आहे. पहिल्या आठवड्यात ही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, कारण शरीराने प्रतिपिंडं अजून पुरेशी बनवलेली नसतात. दिवस लिहिला नाही, तर निगेटिव्ह रिपोर्ट पाहून कुणीतरी डॉक्सीसायक्लिन बंद करेल. मी लिहिलं: रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी खपली होती, औषध पूर्ण करावं ही विनंती.

दुसरा, नळीतल्या बेडक्याचं कल्चर. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

तिसरं रक्ताचं कल्चर. काल दुपारी एक वाजता दोन बाटल्या भरल्या, एक मानेतल्या लाइनमधून आणि एक उजव्या हाताच्या शिरेतून. दोन्हींत दहा-दहा मिलिलिटर, दोन्ही एकाच वेळी आणि मेरोपेनेमच्या आधी. प्रत्येक बाटलीवर लॅबचा वेगळा नंबर असतो. मी दोन्ही नंबर लिहिले आणि कुठला लाइनचा, कुठला हाताचा तेही. बाटल्या लॅबच्या मशीनमध्ये ठेवलेल्या असतात, आत जंतू वाढले की मशीन वाजतं, आणि ते कधी वाजलं ती वेळ नोंदली जाते. जंतू दोन्ही बाटल्यांत असतील, पण लाइनची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा किमान दोन तास आधी वाजली, तर जंतूंचं घर लाइनमध्येच आहे असा संशय बळावतो. लाइनमधून घेतलेल्या रक्तात जंतू दाट असतात म्हणून ते लवकर वाढून दिसतात. बाटल्यांमध्ये रक्त कमी-जास्त असेल किंवा त्या वेगवेगळ्या वेळी घेतल्या असतील, तर हा हिशेब लागू पडत नाही. नुसतं "ब्लड कल्चर पेंडिंग" लिहिलेल्या पत्रातून यातलं काहीच वाचता येत नाही.

मग लॅबला फोन केला. टेक्निशियनला सांगितलं की पेशंट दीड-दोनपर्यंत घाटीत जातोय, कुठलीही बाटली वाजली की वेळ लिहून ठेव आणि आधी या नंबरवर फोन कर, मग मला. त्याने रजिस्टरमध्ये घाटीच्या मॅडमचा मोबाईल लिहून घेतला. हा फोन केला नाही तर काय होतं ते सांगतो. लॅब आमच्या आयसीयूला फोन करते, कारण फॉर्मवर आमचा नंबर आहे. सिस्टर म्हणतात, "तो पेशंट शिफ्ट झाला." त्यांचं म्हणणं खोटं नसतं. लॅब नोंद करते, छापील रिपोर्ट आमच्या खोक्यात येऊन पडतो, आणि ज्या डॉक्टरला तो हवा आहे त्यांना तो आल्याचा पत्ताच नसतो. कायद्याने पेशंटने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात, २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांत ते लिहिलं आहे. पण नॉरॲडवरच्या पेशंटकडे ७२ तास नसतात.

शेवटी औषधांच्या वेळा. मेरोपेनेम सकाळी सहाला दिलं, पुढचा डोस दुपारी दोनला, म्हणजे नेमका वाटेत. सिस्टरांना सांगितलं की तो निघण्याआधी द्या आणि वेळ पत्रात तुमच्या हाताने लिहा.

एक वाजता. ॲम्ब्युलन्स आली. "कार्डिॲक" अशी पाटी होती. त्या पाटीवर विश्वास ठेवू नये, आतलं व्हेंटिलेटर बघावं. त्याच्या स्क्रीनवर पीप ५ होता. बाईंना बेडवरच त्या मशीनला जोडलं, तर ऑक्सिजनचं प्रमाण ९४ वरून ८८ ला आलं. पीप १० केला, काही मिनिटांत ९३. कोसळू पाहणाऱ्या फुप्फुसाच्या पिशव्या श्वासाच्या शेवटी उघड्या धरून ठेवण्याचं काम पीप करतो, तो निम्मा झाला की हे होणारच. ही गोष्ट क्रांती चौकात सिग्नलला कळण्यापेक्षा आमच्या बेडवर कळलेली बरी. म्हणून वीस मिनिटं त्याच मशीनवर ठेवून मगच उचलायचं.

ऑक्सिजनचा हिशेब: २७० मिलिलिटरचे २६ श्वास म्हणजे मिनिटाला सुमारे ७ लिटर, मशीनचा स्वतःचा खर्च धरून १० लिटर. दारापासून दारापर्यंत चाळीस मिनिटं, दुप्पट धरली तर ८० मिनिटं, म्हणजे ८०० लिटर. लहान सिलिंडर पूर्ण भरलेला असला तर दीड हजार लिटर देतो. गेजवरचा काटा पाहिला, भरलेला होता. तरी सोबत दुसरा घेतला आणि हाताने दाबायची पिशवी बाईंच्या उशाशी ठेवली.

मुलाला पत्राचा फोटो काढायला सांगितलं. तो म्हणाला, "मला काय कळणार त्यातलं?" मी म्हटलं, कळायची गरज नाही. मूळ कागद फाइलमध्ये जाईल, फोटो तुझ्याकडे राहील, आणि डॉक्टर बदलला की दाखवता येईल.

पावणेदोन. मेरोपेनेम देऊन निघाले. आमचा रेसिडेंट आणि एक सिस्टर सोबत गेले. क्रांती चौक, मिल कॉर्नर, भडकल गेट. एकाच ठिकाणी बीपी थोडं घसरलं, तेवढ्यापुरतं नॉरॲड ३.५ केलं आणि पत्राच्या खाली वेळेसकट लिहिलं.

अडीच. घाटीतून रेसिडेंटचा फोन: पोचलो. मॅडमनी बेडपाशी उभं राहून पत्र मोठ्याने वाचून घेतलं, एकेक लाइन बोट ठेवून पडताळली, व्हेंटिलेटर लावलं २७० आणि १० वर. नळी ओठापाशी २१ वर होती.

चार वाजून दहा मिनिटं. लाइनची बाटली वाजली. थोड्या वेळाने लॅबमधून फोन: काचपट्टीवर ग्रॅम-निगेटिव्ह दांडके. हाताची बाटली अजून शांत. टेक्निशियनने घाटीला आधीच कळवलं होतं.

संध्याकाळी सात. हाताची बाटली सहा वाजून पन्नास मिनिटांनी वाजली. अंतर दोन तास चाळीस मिनिटं. मॅडमचा मेसेज आला: "सर, मानेतली लाइन काढतोय, दुसऱ्या बाजूने नवी टाकली आहे." मेरोपेनेम तसंच चालू.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, दोन्ही बाटल्यांत क्लेबसिएला असल्याचं नाव आलं. औषधांचा रिपोर्ट रविवारी आला, मेरोपेनेम लागू पडत होतं. लाइन काढल्यावर शनिवार सकाळपासून नॉरॲड उतरायला लागलं होतं आणि रविवारी दुपारी ते बंद झालं. स्क्रबची टेस्ट सोमवारी निगेटिव्ह आली. डॉक्सीसायक्लिन कुणी बंद केलं नाही.

तुमच्या घरातलं कुणी एका आयसीयूतून दुसऱ्या आयसीयूत जाणार असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पत्रात उंची आणि व्हेंटिलेटरचं पूर्ण सेटिंग आहे का, प्रत्येक लाइन कधी आणि कुठे टाकली ते लिहिलंय का, आणि जे रिपोर्ट यायचे आहेत ते कुठल्या लॅबमधून, कुठल्या नंबरने, कुणाच्या फोनवर येणार आहेत. तिसऱ्याचं उत्तर "आम्ही कळवू" असं आलं, तर लॅबचा नंबर आणि नमुन्याचा नंबर स्वतः लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा.